उरलेल्या ८ किलोंत काय बसवायचं? नॅपसॅकचा तक्ता भरणं आणि उलटं चालणं

भाची शिकायला जर्मनीला निघाली होती. तिकिटावर २३ किलोंची एक बॅग. कपडे, कागदपत्रं, बूट, पांघरूण मिळून १५ किलो झाले आणि ८ किलो उरले. दिवाणखान्यात चार वस्तू रांगेत मांडून ताई म्हणाली, "आता यातलं काय न्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा." प्रत्येक वस्तूला तिथे किती उपयोग होईल त्याप्रमाणे भाचीने गुण दिले. यादी अशी झाली:

| क्र. | वस्तू | वजन (किलो) | गुण |
|---|---|---|---|
| १ | मसाल्यांची पिशवी | २ | २ |
| २ | कुकर | ३ | ५ |
| ३ | पुस्तकांचा गठ्ठा | ५ | ९ |
| ४ | मिक्सर | ६ | ११ |

(जर्मनीतही २३० व्होल्टच असतात, म्हणून मिक्सर यादीत आला. अमेरिकेला जायचं असतं तर तो घरीच राहिला असता.)

हे नेमकं शून्य-एक नॅपसॅकचं कोडं आहे. प्रत्येक वस्तू एक तर अख्खी घ्यायची, नाहीतर अख्खी ठेवायची. अर्धा कुकर नेता येत नाही आणि तोच कुकर दोनदाही नेता येत नाही. वजन ८ किलोंच्या आत ठेवून गुणांची बेरीज जास्तीत जास्त करायची.

भाचीने लगेच मिक्सर उचलला, कारण त्याचे गुण सगळ्यांत जास्त. ६ किलो गेले, २ उरले, त्यात मसाले बसले. "मामा, बॅग काठोकाठ भरली. ८ पैकी ८. आता आणखी काय शोधतोस?" गुण झाले १३.

मी किलोमागे गुण काढून पाहिले. मिक्सर ११ भागिले ६ म्हणजे साधारण १.८३, पुस्तकं १.८, कुकर १.६७, मसाले १. या हिशेबानेही पहिला नंबर मिक्सरचाच लागतो आणि पुन्हा तेच १३ येतात. पण मिक्सर बाजूला ठेवून पुस्तकं आणि कुकर घेतले तर वजन तेच ८ किलो आणि गुण १४. बॅग पूर्ण भरणं आणि चांगली भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुटे तांदूळ किंवा डाळ असती, हवी तेवढी काढून घेता आली असती, तर किलोमागे गुणांचा हिशेब नेहमी बरोबर आला असता. अख्ख्या वस्तूंना तो लागू पडतोच असं नाही.

चार वस्तूंचे निवडीचे प्रकार १६ च होतात, ते हातानेही तपासता येतील. पण प्रत्येक वस्तूगणिक ते दुप्पट होत जातात. ४० वस्तू असतील तर प्रकार एक लाख कोटींच्या वर जातात. तक्त्याने तेच काम ४१ ओळी आणि ९ रकान्यांत, म्हणजे ३६९ घरांत उरकतं.

## आधी एका घराचा अर्थ

नवशिके इथे घाई करतात. सूत्र पाठ करून तक्ता भरतात आणि मध्येच विचारलं की हा ७ कुठून आला, तर सांगता येत नाही. म्हणून तक्ता आखण्याआधी एका घरात काय लिहायचं ते वाक्यात लिहून ठेवा. आपलं वाक्य असं: ओळ `i` आणि रकाना `w` यांच्या घरात, फक्त पहिल्या `i` वस्तू समोर असतील आणि बॅगेत `w` किलोच जागा असेल, तर जास्तीत जास्त किती गुण मिळतील ते लिहायचं.

या वाक्यातला "फक्त" महत्त्वाचा आहे. दुसऱ्या ओळीत आपण असताना पुस्तकं आणि मिक्सर जगात नाहीतच असं समजायचं.

आता एखाद्या घरासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: या ओळीची वस्तू घ्यायची की नाही? नाही घेतली, तर जागा तेवढीच राहते आणि वस्तू एकाने कमी होते. त्याचं उत्तर बरोबर वरच्या घरात आधीच लिहिलेलं आहे. घेतली, तर तिचे गुण मिळतात, जागा तिच्या वजनाइतकी कमी होते आणि उरलेल्या जागेत आधीच्या वस्तूंपैकी काय बसेल ते बघायचं. तेही वरच्याच ओळीत आहे, फक्त वजनाइतकी घरं डावीकडे सरकून. दोन आकड्यांतला मोठा घरात लिहायचा. वस्तू त्या जागेत मावतच नसेल तर प्रश्न उरत नाही, वरचा आकडा उतरवायचा.

```
dp[i][w] = max( dp[i-1][w],
                dp[i-1][w - wt] + val )
```

`dp` म्हणजे हा तक्ता, `wt` म्हणजे या ओळीच्या वस्तूचं वजन आणि `val` म्हणजे तिचे गुण. दुसरा पर्याय फक्त `wt <= w` असेल तेव्हाच. दोन्ही पर्याय वरच्या ओळीतून येतात, स्वतःच्या ओळीतून एकही नाही, हे लक्षात असू द्या. पुढची एक मोठी चूक इथूनच निघते.

## तक्ता भरू

वर शून्याची एक ओळ घ्यायची. एकही वस्तू नसेल तर गुण शून्यच. डावीकडे शून्य किलोचा रकाना घ्यायचा. जागाच नसेल तर गुण शून्यच. हे दोन्ही वाया गेल्यासारखे वाटतात, पण ते नसले की पहिल्या वस्तूसाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

| | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| काहीच नाही | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| + मसाले (२, २) | ० | ० | २ | २ | २ | २ | २ | २ | २ |
| + कुकर (३, ५) | ० | ० | २ | ५ | ५ | ७ | ७ | ७ | ७ |
| + पुस्तकं (५, ९) | ० | ० | २ | ५ | ५ | ९ | ९ | ११ | १४ |
| + मिक्सर (६, ११) | ० | ० | २ | ५ | ५ | ९ | ११ | ११ | १४ |

कंसात आधी वजन, मग गुण. मसाल्यांची ओळ सोपी आहे: २ किलोंपासून पुढे सगळीकडे २. जागा ८ किलो असली तरी पिशवी एकच आहे, म्हणून आकडा २ च्या वर जात नाही.

कुकरच्या ओळीतला ५ किलोंचा रकाना बघा. कुकर नाही घेतला तर वरचे २. घेतला तर ५ गुण, जागा उरली २ किलो, आणि वरच्या ओळीत २ किलोंच्या रकान्यात २ आहेत. बेरीज ७. मोठा ७, तोच लिहिला.

पुस्तकांच्या ओळीतलं शेवटचं घर सगळ्यांत बोलकं आहे. पुस्तकं नाही घेतली तर वरचे ७. घेतली तर ९ गुण, ३ किलो उरले, आणि वरच्या ओळीत ३ किलोंखाली ५ आहेत. ते ५ म्हणजे कुकर, पण हे आपल्याला या क्षणी माहीत असायची गरजच नाही. आधीच्या ओळीने तिचं काम करून ठेवलेलं असतं, आपण आकडा उचलायचा. ९ आणि ५, झाले १४.

त्याच्या खालचं घर: मिक्सर नाही घेतला तर १४. घेतला तर ११, उरलेल्या २ किलोंचे २, मिळून १३. १४ मोठे. भाचीचे १३ गुण या घरापर्यंत आले आणि इथे हरले.

हाताने भरताना एक ताळा ठेवा. ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना आकडा कधीच घटत नाही आणि रकान्यात वरून खाली येतानाही घटत नाही. जास्त जागा किंवा जास्त वस्तू मिळाल्याने नुकसान होऊच शकत नाही. कुठे आकडा उतरलेला दिसला तर त्या घरात किंवा त्याच्या आधी भरलेल्या घरात चूक आहे.

## कोणत्या वस्तू? आता उलटं चाला

उजव्या कोपऱ्यातल्या खालच्या घराने १४ सांगितले, वस्तू नाही सांगितल्या. त्यासाठी तिथूनच मागे चालायचं. दर पावलाला एवढंच बघायचं: हा आकडा वरच्या घरातल्याइतकाच आहे का? असेल तर या वस्तूची गरज पडली नाही, सरळ वर जायचं. वेगळा असेल तर तो या वस्तूमुळेच वाढला, म्हणजे ती घेतलेली आहे. तिचं नाव लिहायचं, तिच्या वजनाइतकी घरं डावीकडे सरकायचं आणि मग वर जायचं.

मिक्सरची ओळ, ८ किलो: १४. वरही १४. मिक्सर नाही. पुस्तकांची ओळ, ८ किलो: १४, वर ७. पुस्तकं घेतली. ५ घरं डावीकडे, म्हणजे ३ किलोंच्या रकान्यात, आणि एक ओळ वर. कुकरची ओळ, ३ किलो: ५, वर २. कुकर घेतला. आणखी ३ घरं डावीकडे, म्हणजे शून्याच्या रकान्यात. मसाल्यांची ओळ, शून्य किलो: ०, वर ०. मसाले नाहीत. निवड झाली: कुकर आणि पुस्तकं.

डावीकडे सरकायचं विसरलात तर काय होतं तेही करून बघा. पुस्तकं घेतल्यावर ८ च्याच रकान्यात सरळ वर गेलात तर कुकरच्या ओळीत ७, वर २, म्हणून कुकर घेतला. मसाल्यांच्या ओळीत २, वर ०, म्हणून मसालेही घेतले. तीन वस्तू, वजन १० किलो, गुण १६. ही चूक पकडायला कष्ट नाहीत. निवडलेल्या वस्तूंच्या गुणांची बेरीज कोपऱ्यातल्या आकड्याइतकीच आली पाहिजे आणि वजन मर्यादेत बसलं पाहिजे. इथे १६ आणि १४ जुळत नाहीत, दहा किलो आठात मावत नाहीत. ही दोन वाक्यं प्रोग्रॅममध्येही `assert` म्हणून घालून ठेवा, मी नेहमी घालतो.

## पायथॉनमध्ये

```python
def knapsack(W, wt, val):
    n = len(wt)
    dp = [[0] * (W + 1) for _ in range(n + 1)]
    for i in range(1, n + 1):
        for w in range(W + 1):
            dp[i][w] = dp[i-1][w]
            if wt[i-1] <= w:
                dp[i][w] = max(dp[i][w],
                    dp[i-1][w - wt[i-1]] + val[i-1])
    chosen, w = [], W
    for i in range(n, 0, -1):
        if dp[i][w] != dp[i-1][w]:
            chosen.append(i)
            w -= wt[i-1]
    return dp[n][W], chosen[::-1]

print(knapsack(8, [2, 3, 5, 6], [2, 5, 9, 11]))
```

उत्तर येतं `(14, [2, 3])`, म्हणजे कुकर आणि पुस्तकं. `wt[i-1]` मधल्या वजा एकने गोंधळू नका. तक्त्यात शून्याची ओळ जादा असल्याने वस्तू १ पासून मोजल्या जातात आणि यादी ० पासून, एवढंच.

`if wt[i-1] <= w` ही अट गाळली तर पायथॉन तक्रार करत नाही, आणि तेच वाईट. `w - wt[i-1]` उणे झालं की पायथॉन यादीच्या शेवटापासून मोजतो. शून्य किलोच्या बॅगेत २ किलोंचे मसाले "बसतात" आणि शून्याच्या रकान्यात २ हा आकडा उगवतो. शंका आली की तक्ता छापून पहिला रकाना बघायचा. तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर ही अटच बघा.

## एक संध्याकाळ खाल्लेली चूक

पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा तक्ता मी असा केला होता:

```python
dp = [[0] * (W + 1)] * (n + 1)
```

छोटं दिसतं, चालतंही. वरच्या उदाहरणावर चालवलं तर येतं `(14, [])`. गुण बरोबर, वस्तूंची यादी रिकामी. साहजिकच मी उलटं चालण्याच्या भागात चूक शोधत बसलो, कारण तक्ता तर "बरोबर" होता. जेवणाची हाक येऊन गेली तरी सापडेना.

चूक तक्त्यातच होती. `* (n + 1)` ने पाच ओळी तयार होत नाहीत. एकच ओळ तयार होते आणि तिला पाच नावं मिळतात. मग `dp[i][w]` आणि `dp[i-1][w]` हे एकच घर, ते कधीच वेगळे असणार नाहीत, आणि उलटं चालताना एकही वस्तू घेतल्यासारखी दिसणार नाही.

पण मग १४ बरोबर कसे आले? एकाच ओळीवर डावीकडून उजवीकडे लिहीत गेल्यामुळे, "वरची ओळ" म्हणून जे वाचतो ते याच वस्तूने नुकतंच बदललेलं असतं. म्हणजे तीच वस्तू पुन्हा पुन्हा घेता येते. मसाल्यांनंतर ओळ अशी होते: ०, ०, २, २, ४, ४, ६, ६, ८. ८ किलोंत मसाल्यांच्या चार पिशव्या! पुढे कुकर, पुस्तकं, मिक्सर येतात तसे हे फुगवलेले आकडे एकेक करून मागे पडतात आणि शेवटची ओळ योगायोगाने अगदी बरोबर तक्त्यासारखीच उतरते, एकूण एक घर. उदाहरण चुकीच्या प्रोग्रॅमलाही पास करतं.

म्हणून नॅपसॅक तपासायला मी एकाच वस्तूची चाचणी आधी घेतो: `knapsack(8, [2], [2])`. बरोबर उत्तर २. उत्तर ८ आलं तर प्रोग्रॅम वस्तू दोनदा-चारदा उचलतोय हे तिथल्या तिथे कळतं.

जाणूनबुजून एकच ओळ ठेवण्याची रीतही आहे, जागा वाचवण्यासाठी. तिथे रकाने उजवीकडून डावीकडे भरतात:

```python
dp = [0] * (W + 1)
for i in range(n):
    for w in range(W, wt[i] - 1, -1):
        dp[w] = max(dp[w], dp[w - wt[i]] + val[i])
```

उलट दिशेने गेलं की डावीकडची घरं अजून आधीच्या वस्तूंचीच असतात, म्हणून वस्तू एकदाच मोजली जाते. पण या रीतीत वरच्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात, तेव्हा उलटं चालायला वाटच उरत नाही. फक्त गुण हवे असतील तरच ही वापरा. वस्तूही हव्या असतील तर नवख्या माणसाने सरळ पूर्ण तक्ता ठेवावा.

## किलो की ग्रॅम?

रकाने पूर्णांकांचेच असतात. खऱ्या काट्यावर कुकर बरोबर ३ किलो भरत नाही, समजा २.७ भरतो. २.७ चे ३ केले तर उत्तर सुरक्षित राहतं, पण जागा वाया जाते. खाली ओढून २ केले तर काउंटरवर पंचाईत. मधला मार्ग म्हणजे एकक लहान करायचं. १०० ग्रॅमचं एकक धरलं तर ८ किलोंचे ८१ रकाने होतात आणि कुकर २७ चा. एककात न बसणारं वजन वरच्या बाजूलाच ओढायचं.

एकक किती लहान करावं यालाही मर्यादा आहे. काम घरांच्या संख्येइतकं, म्हणजे वस्तू गुणिले मर्यादा. मिलिग्रॅममध्ये गेलात तर रकाने ८० लाखांच्या वर आणि चारच वस्तूंसाठी घरं ४ कोटींच्या वर. कोडं तेच, बॅग तीच, फक्त आकड्याला शून्यं वाढली आणि काम दहा लाख पट झालं. म्हणूनच ही रीत सगळ्या नॅपसॅकवर झटपट उत्तर देते असं म्हणत नाहीत. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली अवघड समस्यांची जी यादी मांडली तिच्यात नॅपसॅक आहे, आणि या तक्त्यामुळे तो तिथून बाहेर पडत नाही. मर्यादेचा आकडा बेताचा असेल तिथे मात्र तक्ता उत्तम चालतो.

निघायच्या आदल्या रात्री बॅग पुन्हा काट्यावर ठेवली तर कपडे, बूट वगैरे मिळून १६ किलो भरले. ताईने स्वेटर घातला होता. म्हणजे आता ७ किलो. भाची म्हणाली, "सगळं पुन्हा भरायचं का?" नाही. शेवटच्या ओळीत ० ते ८ सगळ्या मर्यादांची उत्तरं आहेत, फक्त ७ च्या रकान्यापासून चालायला सुरुवात करायची.

७ किलोंखाली ११ आहेत आणि वरच्या घरातही ११. वर सांगितलेला नियम म्हणतो, सारखेच आहेत, मिक्सर नको, वर जा. पुढे पुस्तकं आणि मसाले निघतात, ९ आणि २. पण एकटा मिक्सरही ११ चाच, आणि त्याच्या वाटेने १ किलो रिकामा राहतो. दोन्ही उत्तरं तितकीच बरोबर आहेत. बरोबरी झाली की कोणतं छापायचं ते उलटं चालतानाच्या नियमावर अवलंबून असतं, म्हणून तुमचं आणि मित्राचं उत्तर वेगळं आलं तर आधी गुण जुळतात का ते बघा, वस्तू नंतर. भाचीने मिक्सर घेतला. उरलेल्या किलोभराच्या जागेत ताईने न विचारता मेतकूट भरलं, त्याला कुणी गुण दिले नव्हते.